पासबुकावर नाव चुकलंय: निवृत्त शिक्षकांनी बँकेला द्यायच्या अर्जाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बँकेत काउंटरवर आणि नंतर अधिकारी म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर ओळखीतल्या शिक्षकांचे अर्ज लिहून देऊ लागलो आणि त्यात सगळ्यात जास्त अर्ज निघाले ते नावाच्या स्पेलिंगचे. लोक फोनवर आणि चिठ्ठ्यांतून तेच ते विचारतात, म्हणून प्रश्न एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी जिथे नाव लागलं तिथे ‘ज्ञानदेव रामचंद्र पाटील’ हे कल्पित नाव घेतलं आहे. प्रसंग मात्र एका गुरुजींचा, खराच.

१. पासबुकावर माझ्या नावातलं एकच अक्षर चुकलंय. पेन्शन दर महिन्याला नीट जमा होते. मग अर्ज कशाला करायचा?

पेन्शन जमा होते ती खाते क्रमांक आणि आयएफएससी कोडवर. नाव जुळतं की नाही हे तिथे सहसा कोणी पाहत नाही, म्हणून ही चूक दहा-दहा वर्षं दडून राहते आणि नाव पडताळलं जाण्याची वेळ आली की वर येते.

आमच्या गुरुजींचं तसंच झालं. आधार, पॅन आणि पेन्शनचा आदेश या तिन्हींवर DNYANDEV होतं आणि बँकेत DYANDEV, म्हणजे एक N गळलेला. आयकराचा परतावा यायचा होता. परतावा मिळण्यासाठी आयकराच्या पोर्टलवर बँक खातं आधी पडताळून घ्यावं लागतं आणि तिथे खात्यावरचं नाव पॅनवरच्या नावाशी जुळावं लागतं. ते जुळेना, पडताळणी फेटाळली गेली आणि पैसे अडकले. तोपर्यंत त्या खात्यात सोळा वर्षं पगार आणि पुढे पेन्शन बिनतक्रार जमा होत होती.

आणखी एक नवी गोष्ट लक्षात घ्या. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी, आरटीजीएस करणाऱ्याला पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यायची आहे. ते नाव बँकेच्या नोंदीतूनच येतं. नाव वेगळं दिसलं की पाठवणारा थबकतो. चेकवर नाव बरोबर लिहिलेलं आणि खात्यावर चुकलेलं असेल तर चेकही परत जाऊ शकतो. पण सगळ्यात जास्त त्रास होतो तो खातेदाराच्या मागे राहिलेल्यांना. त्याबद्दल प्रश्न १५ पाहा.

२. चूक नेमकी कुठे असते? पासबुकावर की कॉम्प्युटरमध्ये?

कॉम्प्युटरमध्ये. बहुतेक घोटाळे हे न समजल्यामुळे होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बँकेत प्रत्येक ग्राहकाची एक मूळ नोंद असते. तिला सीआयएफ म्हणतात, काही बँकांत कस्टमर आयडी म्हणतात. नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल, पॅन हे सगळं तिथे असतं. बचत खातं, मुदत ठेव, लॉकर ही त्या नोंदीला जोडलेली असतात. पासबुकाचं पहिलं पान, एटीएम कार्ड, चेकबुक, व्याजाचा दाखला यांच्यावर नाव येतं ते साधारण त्या मूळ नोंदीतून. त्यामुळे पासबुक दुरुस्त करून काही उपयोग नाही, नोंद दुरुस्त व्हावी लागते. तुमच्या अर्जातही ‘पासबुक दुरुस्त करावे’ एवढंच न लिहिता ‘सीआयएफ नोंदीतील नाव दुरुस्त करावे’ असं लिहायला हवं.

सीआयएफ क्रमांक बहुतेक पासबुकांच्या पहिल्या पानावर छापलेला असतो. खाते क्रमांकाच्या आसपास शोधा.

३. अर्ज लिहिण्याआधी घरी काय तपासू?

आधार, पॅन, पेन्शनचा आदेश म्हणजे पीपीओ आणि पासबुक अशी चार कागदं टेबलावर ओळीनं मांडा. एका कोऱ्या कागदावर प्रत्येकावरचं इंग्रजी नाव एकाखाली एक, मोठ्या अक्षरांत, एकेक अक्षर पाहून उतरवून घ्या. वाचू नका, उतरवा. आपलं नाव आपण इतकं ओळखतो की चुकलेलं अक्षरही बरोबर वाचलं जातं. शिक्षकांना हे सांगायला नको, स्वतःच्या हस्तलिखितातली चूक स्वतःला कधीच दिसत नाही.

गुरुजींच्या कागदावर हे असं उतरलं:

```
आधार   : DNYANDEV RAMCHANDRA PATIL
पॅन    : DNYANDEV RAMCHANDRA PATIL
पीपीओ  : DNYANDEV RAMCHANDRA PATIL
पासबुक : DYANDEV RAMCHANDRA PATIL
```

आता चित्र स्वच्छ आहे. तीन ठिकाणी एकच नाव आणि बँक एकटी वेगळी. अशा वेळी साधा अर्ज पुरतो. पण आधार आणि पॅनच आपसात जुळत नसतील तर बँकेत जाऊ नका, आधी प्रश्न ११ वाचा. पीपीओ वेगळा असेल तर प्रश्न १० वाचा.

आपल्या नावांत काही जागा हमखास घात करतात. ‘ज्ञ’ मराठीत DNY नं लिहितात, पण मराठी न येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातून ते GY किंवा DY होतं. ‘व’चं V आणि W, ‘क्ष’चं KSH आणि X, शेवटचा A असणं-नसणं, मधलं वडिलांचं किंवा पतीचं नाव गायब होणं, आडनाव आधी की नंतर हेही तपासा. नुसता क्रम उलट असेल तर बऱ्याचदा अडत नाही, पण अर्ज देणारच असाल तर त्यातच क्रमही सांगून टाका.

४. अर्जात काय लिहायचं आणि काय टाळायचं?

एक शब्द टाळाच: ‘नावात बदल’.

मी काउंटरवर होतो तेव्हा विषयात ‘नावात बदल करणेबाबत’ असं वाचलं की नियमाचं पुस्तक उघडायचो. नाव बदलणं म्हणजे कालचं एक नाव सोडून आज दुसरं घेणं. त्याला राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला लागतो. तुम्हाला नाव बदलायचं नाही. तुमचं नाव जे होतं तेच आहे, बँकेनं ते चुकीचं टाइप केलं आहे. म्हणून विषयात लिहा, ‘नावाच्या स्पेलिंगमधील चूक दुरुस्त करणेबाबत’. या शब्दांच्या फरकामुळे एकाचं काम एका फेरीत होतं आणि दुसऱ्याला राजपत्र आणायला पाठवतात. हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

अर्जात चार गोष्टी असल्या की पुरे: सध्या नोंदीत काय आहे, काय हवं आहे, ते बरोबर आहे याचा पुरावा कोणता आणि दुरुस्ती कुठे कुठे करायची. चुकीचं आणि बरोबर स्पेलिंग एकाखाली एक, इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहा. हातानं लिहीत असाल तर चौकटी आखून एका चौकटीत एकच अक्षर लिहा. टाइप करणारा माणूस त्या ओळीकडे बघूनच टाइप करणार आहे. N आणि H हातानं लिहिताना सारखे दिसले तर एक चूक जाऊन दुसरी येते.

खातं कधी उघडलं, त्या वेळी कोण साहेब होते, आतापर्यंत किती त्रास झाला, हे सगळं मनापासून लिहावंसं वाटतं. पण अर्ज एका पानाच्या आत ठेवा. तक्रार करण्याची वेळ आली तर तो तपशील तिथे कामी येईल.

५. अर्जाचा नमुना मिळेल का?

हा गुरुजींसाठी लिहिलेला दुसरा अर्ज. पहिला का फसला ते प्रश्न ८ मध्ये आहे.

> दिनांक: …………
>
> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> ………… बँक, ………… शाखा
>
> विषय: खाते क्र. ………… व सीआयएफ क्र. ………… मधील माझ्या नावाच्या स्पेलिंगमधील चूक दुरुस्त करणेबाबत.
>
> महोदय,
>
> मी जिल्हा परिषद प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक असून माझे निवृत्तिवेतन आपल्या शाखेतील वरील बचत खात्यात जमा होते. आपल्या नोंदीत माझ्या नावातील एक अक्षर (N) राहून गेले आहे.
>
> नोंदीतील सध्याचे नाव: DYANDEV RAMCHANDRA PATIL
> दुरुस्त करावयाचे नाव: DNYANDEV RAMCHANDRA PATIL
>
> ही केवळ स्पेलिंगची दुरुस्ती आहे. मी माझे नाव बदललेले नाही. माझ्या आधार, पॅन व निवृत्तिवेतन आदेशावर (पीपीओ क्र. …………) नाव बरोबर असून त्यांच्या स्वसाक्षांकित प्रती सोबत जोडल्या आहेत. मूळ प्रती पडताळणीसाठी आणल्या आहेत.
>
> तरी कृपया सीआयएफ नोंदीतील नाव दुरुस्त करून त्यानुसार बचत खाते, मुदत ठेव क्र. ………… व ………… यांवरील नाव दुरुस्त करावे आणि नवीन पासबुक, ठेव पावत्या व एटीएम कार्ड द्यावे, ही विनंती. दुरुस्ती झाल्याचे मला लेखी किंवा मोबाइल क्र. ………… वर कळवावे.
>
> आपला विश्वासू,
> (बँकेत नमुना असलेली सही)
> ज्ञानदेव रामचंद्र पाटील
>
> सोबत: आधार, पॅन, पीपीओ व पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत

स्वसाक्षांकित म्हणजे प्रत्येक प्रतीवर तुमची स्वतःची सही आणि तारीख. आधारच्या प्रतीवर पहिले आठ अंक झाकले तरी चालतात, कारण मूळ कार्ड बँक समोर पाहतेच.

६. अर्ज मराठीत दिला तर चालतो का?

चालतो. मजकूर मराठीत असू दे, फक्त दोन्ही स्पेलिंग इंग्रजीत असली पाहिजेत, कारण नोंद इंग्रजीत आहे. ‘माझे नाव ज्ञानदेव असे करावे’ एवढंच मराठीत लिहिलं तर समोरचा ते इंग्रजीत कसं लिहील हे तुमच्या हातात राहत नाही. पहिली चूक बहुधा अशीच झालेली असते. बऱ्याच बँकांचा ग्राहक माहिती दुरुस्तीचा छापील फॉर्मही असतो. तो दिला तर भरा, पण तुमचा अर्ज त्याला जोडाच.

७. कोणती कागदपत्रं लागतात? प्रतिज्ञापत्र मागितलं तर?

बँकेच्या केवायसी नियमांत अधिकृत वैध कागदपत्रांची यादी ठरलेली आहे. त्यात आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र ही आपल्याकडची नेहमीची. पॅन त्या यादीत नाही, पण खात्याला ते जोडलेलं असतं, म्हणून प्रत द्यावी. पीपीओ, शाळा सोडल्याचा दाखला, सेवापुस्तकाचं पहिलं पान हे पूरक पुरावे. मात्र आधारवर नाव बरोबर नसेल तर एकट्या पूरक पुराव्यांवर काम होणं कठीण.

बँकेची टायपिंगची चूक असेल आणि तीन कागद एक नाव सांगत असतील तर प्रतिज्ञापत्राची गरज पडू नये. मागितलं तर नम्रपणे एक गोष्ट विचारा: ‘साहेब, माझा खाते उघडण्याचा मूळ फॉर्म एकदा काढून पाहता का?’ त्यावर तुम्ही नाव बरोबर लिहिलं असेल तर चूक बँकेचीच हे तिथल्या तिथे सिद्ध होतं. अडचण अशी की बऱ्याच शिक्षकांची पगाराची खाती एकगठ्ठा उघडली गेली आणि फॉर्म शाळेतल्या किंवा पंचायत समितीतल्या कोणीतरी भरले, त्यामुळे फॉर्मवरच नाव चुकलेलं निघतं. तसं असलं तरी तुमचा पुरावा कमी होत नाही, पण ‘बँकेची चूक’ असं अर्जात ठासून लिहू नका. ‘नोंदीत चूक आहे’ एवढंच लिहा.

फरक मोठा असेल, म्हणजे अख्खा शब्दच वेगळा असेल किंवा आडनाव जुळत नसेल, तर ‘ही दोन्ही नावे माझीच’ असं प्रतिज्ञापत्र मागितलं जातं आणि ते रास्त आहे. ते द्यावं. मुद्रांकाची किमान रक्कम महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० वरून ५०० रुपये झाली आहे, म्हणून विनाकारण करायला जाऊ नका. आधी बँकेकडून ते लागतंच का, हे लेखी किंवा निदान स्पष्ट शब्दांत विचारून घ्या.

८. काउंटरवर पासबुकावर पेनानं नाव दुरुस्त करून शिक्का मारून दिला. काम झालं ना?

नाही झालं. गुरुजींचा पहिला अर्ज इथेच संपला. त्यांनी लिहिलं होतं, ‘पासबुकावरील माझे नाव चुकले आहे, तरी ते दुरुस्त करून मिळावे.’ कर्मचाऱ्यानं त्यांनी मागितलं तेच केलं. DYANDEV मधल्या D च्या पुढे वरून N लिहिला, बाजूला सही केली, गोल शिक्का मारला. गुरुजी समाधानानं घरी आले. सात महिन्यांनी पासबुक भरलं, नवं पासबुक छापून हातात आलं आणि पहिल्या पानावर पुन्हा DYANDEV.

पासबुक ही नोंदीची छापील प्रत आहे. मूळ नोंद तशीच ठेवून प्रतीवर पेन चालवलं तर पुढच्या प्रतीवर जुनीच चूक छापून येणार. असं कोणी करून देत असेल तर शांतपणे सांगा की मला सीआयएफमधलं नाव दुरुस्त करून हवं आहे आणि अर्जाची पोहोच द्या.

९. पोहोच कशी घ्यायची? आणि दुरुस्ती खरंच झाली हे कसं ओळखू?

अर्जाच्या दोन प्रती करा. एक बँकेला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही आणि मिळत असेल तर आवक क्रमांक घ्या. आवक-जावक रजिस्टर शिक्षकांना नवं नाही. शिक्का द्यायला कोणी टाळाटाळ केली तर अर्ज बँकेच्या शाखेच्या ईमेलवरही पाठवा. पुढे तक्रारीची वेळ आली तर अर्ज कधी दिला याचा तोच पुरावा असतो.

दुरुस्ती झाली हे ओळखायची सोपी रीत म्हणजे नवीन पासबुकाचं पहिलं पान नव्यानं छापून घेणं. दुसरी रीत घरबसल्या: मुलाला किंवा मुलीला तिच्या मोबाइलवरून तुमच्या खाते क्रमांकावर एक रुपया पाठवायला सांगा. पाठवण्याआधी स्क्रीनवर जे नाव दिसेल ते अक्षर अक्षर वाचा. गुरुजींच्या लेकीनं असंच केलं. नाव दिसलं DNYANDEV आणि तिनं फोनवर मोठ्यानं ‘डी, एन, वाय’ असं वाचून दाखवलं. त्यानंतर आयकराच्या पोर्टलवर खातं पुन्हा पडताळायला टाकलं, या वेळी ते मान्य झालं.

हे सगळं झाल्यावरही मुदत ठेवीच्या पावत्या तपासा. बचत खातं दुरुस्त झालं आणि ठेवीवर जुनंच नाव राहिलं, असं सर्रास होतं. त्याचं कारण बहुतेकदा दोन सीआयएफ. जुन्या काळी पगाराचं खातं एका नोंदीवर उघडलेलं असतं आणि निवृत्तीनंतर ठेव ठेवताना कोणीतरी दुसरी नोंद तयार केलेली असते. पावतीवरचा सीआयएफ क्रमांक पासबुकावरच्या क्रमांकाशी ताडून पाहा. वेगळा असेल तर दोन्ही क्रमांक देऊन ‘दोन्ही नोंदी एकत्र कराव्यात’ असा दुसरा अर्ज द्या. गुरुजींची एक ठेव अशीच जुन्या नोंदीवर अडकली होती आणि त्यामुळे तिच्या व्याजाची माहिती पॅनशी नीट जुळत नव्हती.

१०. बँकेत नाव बरोबर आहे, पण पीपीओवरच चुकलंय. बँक दुरुस्त करेल का?

करू शकत नाही. पीपीओ बँकेचा कागद नाही, तो तुमच्या विभागाकडून येतो. प्राथमिक शिक्षकांनी पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे जायचं. अनुदानित माध्यमिक शाळेतल्यांचा पीपीओ महालेखापाल कार्यालयाकडून निघतो, त्यांनी शाळेमार्फत किंवा कोषागारामार्फत अर्ज करायचा. पुरावा म्हणून सेवापुस्तकाचं पहिलं पान सगळ्यात वजनदार.

इथे एक घोळ वारंवार होतो. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी कोषागाराकडून जी यादी बँकेत येते तिच्यावरचं नाव चुकलेलं दिसतं आणि लोक बँकेशी वाद घालतात. ती यादी बँकेनं केलेली नसते. तिच्यावरचं नाव कोषागाराच्या नोंदीतून आलेलं असतं. सही करा, हयात नोंदवा आणि नावाच्या दुरुस्तीसाठी कोषागारात जा. नाव चुकलंय म्हणून सही न करता परत आलात तर पुढे पेन्शन थांबण्याची वेळ येऊ शकते.

११. माझ्या आधारवर एक स्पेलिंग आणि पॅनवर दुसरं आहे. बँकेत कोणतं घालू?

आधी स्वतःचं एक नाव पक्कं करा. सेवापुस्तक आणि दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळणारं निवडा, कारण पेन्शनचा मूळ आधार तिथे आहे. मग जो कागद वेगळा असेल तो आधी दुरुस्त करा आणि बँकेत शेवटी जा. उलट केलंत तर बँकेत दोनदा जावं लागेल.

आधारवर नावाची दुरुस्ती आयुष्यात दोनदाच करता येते. त्यामुळे आधार केंद्रावर पावती हातात घेतल्यावर तिथेच, खुर्ची सोडण्याआधी, स्पेलिंग वाचा.

१२. मी बाई आहे. नोकरीला माहेरच्या नावानं लागले, बँकेत सासरचं नाव आहे आणि त्यातही स्पेलिंग चुकलंय. एकाच अर्जात दोन्ही मागू का?

नको. प्रश्न ४ मधला फरक इथे सगळ्यात जास्त लागू पडतो. स्पेलिंग ही दुरुस्ती आहे, माहेर-सासरचं नाव हा बदल आहे आणि दोघांचा पुरावा वेगळा. बदलासाठी विवाह नोंदणीचा दाखला किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रातली नोंद लागते.

आधी ठरवा की पीपीओवर कोणतं नाव आहे. पीपीओवर सासरचं नाव असेल आणि आधारवरही तेच असेल तर बँकेत नुसती स्पेलिंगची दुरुस्ती करून घ्या, माहेरच्या नावाचा उल्लेखही नको. पीपीओ माहेरच्या नावाचा असेल तर बाई, आधी विभागाकडे जा (प्रश्न १०), मग बँकेत.

१३. संयुक्त खातं आहे. सही दोघांची लागते का? वारसदाराचं नाव चुकलं असेल तर? आणि माझी सही मराठीत आहे, ती बदलावी लागेल का?

ज्याचं नाव चुकलंय त्याची नोंद दुरुस्त होते, तरी संयुक्त खात्यावर दोघांनी सह्या केलेल्या बऱ्या. पत्नीचं किंवा पतीचं नावही त्याच वेळी तपासा, कारण कुटुंब निवृत्तिवेतन पुढे त्याच नावानं सुरू होणार आहे.

नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनी, वेगळं आहे. सीआयएफमधलं तुमचं नाव दुरुस्त झालं म्हणून नॉमिनीचं नाव आपोआप दुरुस्त होत नाही. त्यासाठी नामनिर्देशनाचा फॉर्म नव्यानं भरायचा आणि त्याची वेगळी पोहोच घ्यायची. नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यावर चारपर्यंत व्यक्तींची नावं देता येतात. नवा फॉर्म भरतच असाल तर तोही विचार करून घ्या.

सही बदलायची गरज नाही. मराठी सहीचा आणि इंग्रजी स्पेलिंगचा संबंध नाही. अर्जावर मात्र बँकेत जो नमुना आहे तशीच सही करा. वयामुळे हात थरथरतो आणि सही जुळत नसेल तर व्यवस्थापकांसमोर सही करा आणि नमुना नव्यानं द्या. तो वेगळा अर्ज.

१४. मला बँकेत जाणं जमत नाही. आणि बँकेनं अर्जाकडे लक्षच दिलं नाही तर?

सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना आणि अपंग किंवा दुर्बल व्यक्तींना काही सेवा घरपोच द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलं आहे आणि त्यात केवायसीची कागदपत्रं घरून स्वीकारणंही आहे. शाखेत फोन करून ‘घरपोच सेवा’ असं नेमकं म्हणा. मुलाकडे अर्ज पाठवला तर कर्मचारी मूळ कागद पाहण्यासाठी तुम्हालाच बोलावतील, ते त्यांच्या नियमाला धरून आहे.

अर्ज दिल्यावर पंधरा दिवसांनी एकदा पोहोच दाखवून चौकशी करा. काहीच होत नसेल तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार भरता येते, पैसे लागत नाहीत. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली नसेल तर लोकपाल ती घेत नाहीत, म्हणून तोंडी बोलण्यावर महिने घालवू नका.

१५. खातेदार वारले आणि पासबुकावर त्यांचं नाव चुकलेलंच राहिलं. आता काय?

आता दुरुस्तीचा अर्ज देता येत नाही, कारण खातेदाराच्या नोंदीत दुरुस्ती मागण्याचा हक्क त्यांचाच होता. थेट दाव्याचा अर्ज भरायचा आणि त्यासोबत दोन नावं एकाच व्यक्तीची आहेत हे दाखवायचं. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आधारशी जुळतं का ते आधी पाहा. चुकलं असेल तर जिथे मृत्यू नोंदवला त्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लगेच दुरुस्त करून घ्या. मग आधार, पॅन आणि पीपीओच्या प्रती जोडा. इथे मात्र वारसाचं प्रतिज्ञापत्र बहुधा द्यावंच लागतं, त्याबद्दल खळखळ करू नका.

नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार असेल तर काम हलकं होतं, कारण बँकेनं पैसे कोणाला द्यायचे हे आधीच ठरलेलं असतं. सगळी कागदपत्रं पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत असा दावा निकाली काढणं बँकेकडून अपेक्षित आहे. दोन्ही नसतील तर वारस दाखला, हमीपत्र असं एकेक वाढत जातं आणि त्या प्रत्येक कागदावर पुन्हा नाव लिहिलं जातं. तिथे पासबुकावरचं चुकीचं नाव कंसात ‘उर्फ’ लावून जोडायला विसरू नका, नाहीतर हमीपत्र एका नावाचं आणि खातं दुसऱ्या नावाचं म्हणून सगळं बाड परत येतं.